वालुकायंत्राची आकृती : काय गाळावे, काय राखावे

बी.ए.एम.एस.च्या द्वितीय वर्षात रसशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत वालुकायंत्राचे सचित्र वर्णन वारंवार विचारले जाते. पाठ्यग्रंथातील आकृती पाहिली की भट्टीच्या विटा, जाळी, राखेचे दार, ज्वालांच्या जिभा, वाळूचे असंख्य ठिपके आणि पंधरा-सोळा नावे अशी तिची मांडणी असते. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेत एवढे काढणे शक्य नाही, म्हणून विद्यार्थी ती लहान करतो. लहान करण्यास प्रस्तुत लेखकाची हरकत नाही. ती कशी लहान केली जाते, याविषयी मात्र वैद्यबंधूंपुढे व रसशाळाचालकांपुढे काही मांडावेसे वाटते. कारण आज ही आकृती काढणाराच उद्या आपल्या रसशाळेत भट्टीसमोर बसणार आहे.

गुरुकुंज मोझरीस वास्तव्य असल्यामुळे परीक्षेच्या दिवसांत निरनिराळ्या गावी शिकणारी आप्तेष्टांची मुले वह्या घेऊन येतात. त्या वह्यांत एक आकृती वारंवार दिसते : कूपीच्या तळाशी कज्जली, कंठात रससिंदूर आणि मुखावर घट्ट बूच. प्रत्येक नाव बरोबर आहे. पण या तीन गोष्टी एकाच क्षणी कधीही नसतात. आरंभी तळाशी कज्जली असते तेव्हा मुख उघडे असते. बूच लागते ते गंधकाचा धूर निघून गेल्यानंतर, आणि कंठातील कल्प तयार होतो त्याहूनही नंतर. कज्जली भरून बूच लावलेली कूपी अग्नीवर ठेवली तर गंधकाच्या वाफेस वाट उरत नाही आणि कूपी फुटते. म्हणजे आकृती संक्षिप्त करताना विटा राहिल्या आणि काळाचा क्रम गळाला.

माझ्या मते ही आकृती एक नसून दोन असावी, आणि तरीही तिला चार मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. तिचा रेखाटनक्रम प्रत्यक्ष कर्माच्या क्रमाने ठेवला म्हणजे पाठांतराचा भार पुष्कळ कमी होतो.

प्रथम शिसपेन्सिलीने सुमारे १० सें.मी. उंचीची फिकी उभी रेषा ओढावी. तिच्या खालच्या टोकापासून ३ सें.मी. जागा सोडून कूपी काढावी : पोट ४ सें.मी., कंठ २ सें.मी. कूपी आधी काढण्याचे कारण असे की भांडे आधी काढणाऱ्याची कूपी हटकून मोठी होते, आणि मग खाली वाळूला जागाच उरत नाही. कर्मातही कूपीच आधी सिद्ध होते. (ही कूपी बहुधा बिअरची तपकिरी बाटली असते, उत्तरपत्रिकेत तिला काचकूपीच म्हणावे.) यानंतर कूपीच्या बाहेरून कंठापर्यंत २ मि.मी. अंतरावर दुसरी रेषा काढावी, ती कापडमाती. सात थर वेगवेगळे दाखविण्यात वेळ घालवू नये, नावापुढे ‘७ थर’ एवढे लिहिले की पुरे. मग पोटाच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर आडवी रेषा देऊन तिच्याखालील भाग भरावा, ती कज्जली.

आता कूपीभोवती भांडे काढावे. त्याचा तळ कूपीच्या तळापासून १ सें.मी. खाली असावा आणि कड कंठाच्या आरंभाहून किंचित वर यावी. वाळूची रेषा कंठाच्या आरंभाशी थांबते. ठिपके नावाच्या रेषेजवळ आठ-दहा पुरतात. भांड्याखाली दोन तिरक्या रेषा आणि एक दार काढले की भट्टी झाली; विटा मोजण्यासाठी कोणताही परीक्षक गुण देत नाही. सर्वांत शेवटी कंठाकडे वळावे. मुख उघडे ठेवावे आणि वर धुराच्या दोन रेषा काढाव्यात.

नावांच्या रेषा एकाच बाजूस, आडव्या आणि पट्टीने ओढाव्यात. वरून खाली सात नावे येतात : उघडे मुख, कंठ, वालुका, कापडमाती, कज्जली, तळाची वालुका, अग्नी. क्रम नेहमी तोच ठेवला की एखादे नाव राहिले तर लगेच ध्यानात येते.

या आकृतीच्या शेजारी केवळ कूपी पुन्हा, निम्म्या आकाराने काढावी. येथे मुखावर बूच व संधिबंधन, तळ रिकामा आणि कंठात आतून लागलेला चंद्रकोरीसारखा थर दाखवावा, तो रससिंदूर. दोन्ही आकृतींमध्ये एक बाण काढून त्यावर ‘ज्वाला शमल्यावर, तळ आरक्त दिसल्यावर बूच’ असे लिहावे. माझ्या दृष्टीने सबंध उत्तरातील सर्वांत मोलाची ओळ हीच आहे. मंद अग्नीवर गंधक वितळून धूर येतो, कंठ चोंदू लागल्यास तप्त शलाकेने मोकळा करावा लागतो, पुढे मुखाशी निळसर ज्वाला दिसते आणि ती शमल्यानंतर तळाशी उगवत्या सूर्यासारखी लाली दिसते. मुखावर धरलेल्या ताम्र नाण्यावर पांढरी छटा आली की पारद वर येऊ लागला असे समजावे. मग बुचास विलंब केल्यास पारद वाया जातो. बूच लागल्यानंतरच तीव्र अग्नी द्यावयाचा. घड्याळ पाहून बूच लावणारा नवशिका आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल; बाणावरील ती ओळ त्याच्या वहीत बहुधा नसते.

आकृती गुटगुटीत न करता मोकळी ठेवण्याचा हेतूही यातच आहे. तळाची १ सें.मी. वाळू गाळली तर भांड्याच्या तळाची आच थेट काचेस लागून ती तडकते. कज्जलीची रेषा वर सरकली तर वितळलेला द्रव उसळून कंठात येतो व मार्ग बंद करतो. वाळू कंठावर चढविली तर कंठ थंड राहत नाही, आणि कल्प जेथे जमावयाचा तेथे जमत नाही. या तीन रेषा हलल्या तर गुण कापावेत, आणि विटा नसल्या तर कापू नयेत, अशी परीक्षक असलेल्या सहकाऱ्यांना विनंती आहे.

हा आराखडा सर्व कूपीपक्व कल्पांस जसाच्या तसा लागू पडत नाही. मकरध्वजात सुवर्णाचा अंश तळाशी राहतो, तेव्हा दुसऱ्या आकृतीचा तळ रिकामा दाखविणे चूक ठरेल. समीरपन्नग तळस्थ व कंठस्थ अशा दोन्ही प्रकारांनी करतात; तेथे कोणता प्रकार लिहिला आहे ते पाहूनच थराची जागा ठरवावी. ज्या रसशाळांत विद्युत् भट्टी आहे तेथे लाकडाची भट्टी व तिचे दार जाऊन तापमापक येतो, परंतु मुख, कज्जलीची पातळी आणि बाण यांत काहीच बदलत नाही.

विद्यार्थ्याची तयारी पाहावयाची असेल तर नावे लिहिण्यापूर्वी त्याला थांबवावे आणि एकेका रेषेवर बोट ठेवून, ही वर किंवा खाली सरकली तर काय होईल, असे विचारावे. कज्जलीच्या रेषेवर तो गप्प राहिला तर त्याने कितीही सुबक आकृती काढलेली असो, त्याला ती पुन्हा कोऱ्या कागदावर, कूपीपासून काढावयास लावावी.