पहिल्या दिवसाचं रक्त



यंदाचा अंक पोटाच्या विकारांवर आहे. त्यातला एक विषय मात्र आम्ही संपादकीयासाठी मुद्दाम राखून ठेवला. स्वादुपिंडाला अचानक सूज येते, माणूस वेदनेने वाकतो आणि घरातले म्हणतात, ‘पित्ताचे खडे असतील, नाहीतर दारू.’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण या दोन्हींखेरीज तिसरं एक कारण आहे: रक्तात बेसुमार वाढलेलं ट्रायग्लिसराइड. ते लक्षातच आलं नाही, तर रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि काही महिन्यांनी त्याच दुखण्याने परत येतो.

एक कल्पित रुग्ण घेऊ. असे रुग्ण कोणत्याही मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या ओळखीचे असतात. वय छत्तीस, वजन ८० किलो. मधुमेह दोन वर्षांपूर्वी निघालेला, गोळ्या मनाला येईल तेव्हा. भाऊबीजेच्या रात्री बेंबीच्या वर दुखायला लागतं, कळ थेट पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत. घरी अ‍ॅसिडिटीची गोळी होते, ओवा होतो. पहाटे रुग्णालयात नेतात. सोनोग्राफीत पित्ताशय स्वच्छ, खडा नाही. आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसत नाही. साखर ३४०. अमायलेज जवळजवळ नेहमीसारखं. एवढ्यावर कुणालाही वाटेल की स्वादुपिंडाचं काही नसावं.

उलगडा होतो तो लॅबमध्ये. रक्ताची नळी यंत्रात फिरवली की लाल पेशी तळाशी बसतात आणि वर फिकट पिवळा, आरपार दिसणारा सीरम राहतो. या नळीत वरचा थर दुधासारखा पांढरा आहे, मागे धरलेलं बोटही दिसत नाही. ही चरबी चाचण्यांमध्ये ढवळाढवळ करते. अमायलेज खोटं कमी दिसू शकतं, सोडियमही खऱ्यापेक्षा कमी येतं. म्हणून अशा वेळी लायपेजवर जास्त भरवसा ठेवतात. ते तिपटीहून अधिक निघालं. ट्रायग्लिसराइड मोजलं तर ३,२००. एरवी ते १५०च्या आत असावं. हजाराच्या वर गेलं की स्वादुपिंडाला धोका सुरू होतो आणि आकडा चढेल तसा तो वाढतो. हजार ओलांडलेल्या प्रत्येकाला हा आजार होतो असं मात्र नाही.

खड्याने होणाऱ्या आजाराची वाट वेगळी आहे. पित्ताशयातला बारीक खडा घसरत पित्तनलिकेच्या टोकाशी येतो, जिथे स्वादुपिंडाची नळीही उघडते. तिथे अडथळा झाला की पाचकरस आत कोंडतो. यकृतालाही ताण बसत असल्यामुळे पहिल्याच दिवशी एएलटी हे यकृताचं एन्झाइम उसळतं. ते १५०च्या वर असेल तर डॉक्टरांचा संशय खड्याकडे वळतो. खडा बहुधा आपोआप पुढे सरकतो. तो अडकून नलिकेत जंतुसंसर्ग झाला तर दुर्बिणीतून काढतात. आजार सौम्य असेल तर त्याच मुक्कामात पित्ताशय काढून टाकतात, आणि मूळ कारणच जातं. आपल्या रुग्णाच्या बाबतीत काढून टाकण्यासारखं काही नाही. त्याच्या रक्तात चरबीचे मोठाले कण साचले आहेत. स्वादुपिंडातलं लायपेज त्यांचे तुकडे करतं, सुटी झालेली फॅटी आम्लं तिथल्या पेशींना आणि केशवाहिन्यांना भाजून काढतात, आणि दाट रक्तामुळे पुरवठाही मंदावतो.

इथे एक खुलासा हवा. स्वादुपिंडाला कोणत्याही कारणाने सूज आली तरी ट्रायग्लिसराइड थोडंफार वाढलेलं दिसू शकतं. आकडा ३५० आला आणि पित्ताशयात खडे आहेत, तर दोष चरबीला देऊ नये.

उपचारांचा पाया दोन्हीकडे एकच: शिरेतून द्रव, वेदनाशामक इंजेक्शनं, उलट्या थांबेपर्यंत पोटाला विश्रांती. पण इथे उपास हा स्वतःच एक उपचार ठरतो, कारण अन्नातून येणाऱ्या चरबीच्या कणांचा पुरवठा तुटतो. त्याच्या जोडीला इन्सुलिन. ते साखर तर उतरवतंच, शिवाय रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरच्या, चरबी फोडणाऱ्या एन्झाइमला कामाला लावतं. ताशी किलोमागे ०.१ युनिट या हिशेबाने आपल्या रुग्णाला तासाला ८ युनिट सुरू होतात. साखर दर तासाला तपासायची, ती खाली आली की इन्सुलिन बंद न करता सोबत डेक्स्ट्रोज जोडायचं, पोटॅशियमवर नजर ठेवायची. ट्रायग्लिसराइड दुसऱ्या दिवशी १,५००, तिसऱ्या दिवशी ७००, चौथ्या दिवशी ४६०. पाचशेच्या खाली आलं, ठिबक थांबलं. रक्तातला प्लाझ्मा बदलण्याची पद्धतही आहे आणि तिने आकडा काही तासांत निम्म्याहून खाली येतो. पण त्यामुळे रुग्ण अधिक चांगला वाचतो, असं सिद्ध झालेलं नाही. खर्चिक उपाय आहे, आणि आकडा झपाट्याने उतरला एवढ्यावर त्याचा आग्रह धरू नये, असं आमचं मत आहे.

हेच आकडे उलट्या बाजूने वाचा. हा माणूस घरी दोन दिवस उपाशी राहून आला असता आणि चाचणी तिसऱ्या दिवशी झाली असती, तर ७०० पाहून कुणी फारसं थबकलं नसतं. पुरावा उपासातच विरून गेला असता.

घरी गेल्यावर खरी कसोटी. फेनोफायब्रेट रोज, डॉक्टर सांगतील तर ओमेगा-३चा मोठा डोस, साखर ताब्यात, दारू पूर्ण बंद, गोडधोड कमी. थायरॉइड तपासायचं, चालू औषधं तपासायची: इस्ट्रोजेन, स्टिरॉइड, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन यांनीही चरबी चढते. आकडा हजाराच्या वर रेंगाळत असेल तर दिवसभराची एकूण चरबी साधारण २५ ते ३० ग्रॅममध्ये बसवावी लागते. इथे मराठी स्वयंपाकघर चकवतं. एक छोटा चमचा तेल म्हणजे जवळपास ५ ग्रॅम. फुल क्रीम दुधाचा एक पेला १२ ग्रॅम. दाण्याच्या कुटाचं निम्मं वजन चरबीचंच, सुक्या खोबऱ्याचं त्याहूनही जास्त. ‘घाण्याचं तेल आहे, चालतं’ हे या रुग्णाला लागू नाही. तेल कोणतंही असो, आतड्यातून ते त्याच कणांच्या रूपाने रक्तात येतं.

काही थोड्या जणांत दोष जन्मजात असतो. चरबी फोडणारं एन्झाइमच काम करत नाही, आणि नेहमीची औषधं त्यांना जेमतेम उपयोगी पडतात. त्यांच्यासाठी ओलेझारसेन या इंजेक्शनाला अमेरिकेत डिसेंबर २०२४मध्ये मान्यता मिळाली. लहान वयात वारंवार असं दुखणं येत असेल, तर ही शक्यता डॉक्टरांपुढे काढायला हवी.

वाचकहो, फराळाचे डबे भरण्याआधी घरातले जुने लिपिडचे रिपोर्ट एकदा काढून बघा. ट्रायग्लिसराइडपुढे ५००च्या वरचा आकडा असेल तर तो कागद घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आणि कुणाला स्वादुपिंडाच्या सुजेसाठी दाखल करायची वेळ आलीच, तर एवढं विचारा: ‘पहिल्या दिवसाच्या रक्तात ट्रायग्लिसराइड मोजलंय का?’