रन यशस्वी, आकडा कालचा

पातूर तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीत संगणकाचे काम पाहणाऱ्या वाचकाचे पत्र या महिन्यात आले. त्याच विषयावरची आणखीही पत्रे टेबलावर आहेत, पण या पत्रात सगळे नेमके लिहिले आहे. त्यांची कंपनी रोज दुपारी चार वाजता सभासदांना मंडळनिहाय पावसाचा संदेश पाठवते. त्यावरून दुसऱ्या दिवशीची फवारणी ठरते. त्या दिवशी एका मंडळासाठी संदेश गेला : ‘गेल्या २४ तासांत पाऊस २ मिमी.’ प्रत्यक्षात आदल्या रात्री सोयाबीनच्या सऱ्यांत पाणी उभे राहिले होते. लोक फोनवर फोन करू लागले. लॉग उघडला, तर सकाळचा सव्वादहाचा रन यशस्वी. आकडे पुरवणाऱ्या कार्यालयाला विचारले, तर उत्तर आले, ‘आमच्या नोंदीनुसार एकही रन चुकलेला नाही.’

झाले ते असे. मूळ ठिकाणची फाइल त्या दिवशी बदललीच नव्हती. फाइलचे नाव रोज तेच असते. जॉबने जुनी फाइल पुन्हा उचलली, पुन्हा टेबलात भरली आणि ० हा एक्झिट कोड देऊन काम संपवले. टेबलावरची ‘शेवटचे अद्ययावत’ ही वेळ आजची झाली, आतला आकडा मात्र आदल्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा राहिला. दुपारी चार वाजता तो साडेएकतीस तास जुना होता आणि ‘ताजा’ म्हणून सभासदांच्या हातात पडला.

यावर आपल्यातले बरेच जण म्हणतील की रनवर नीट लक्ष ठेवायला हवे होते. आमचे म्हणणे वेगळे आहे. रनवर लक्ष ठेवून हे कधीच सापडणार नाही. रन चुकणे हा इन्सिडंट नव्हे आणि रन यशस्वी होणे हा निर्वाळा नव्हे. आकड्याचे वय किती झाले, एवढेच पाहायचे. वय म्हणजे आत्ताची वेळ वजा त्या निरीक्षणाचा कालावधी संपल्याची वेळ. फाइल उतरल्याची वेळ नाही, टेबलात ओळ पडल्याची तर नाहीच. वय ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले की इन्सिडंट, मग रन झाला असो वा नसो. उलट, दर दहा मिनिटांची नोंद दर तासाला ओढणारा जॉब एकदा चुकला आणि पुढच्या खेपेला सगळे भरून आले, तर रात्री कुणाला उठवायचे कारण नाही. दिवसातून एकदाच धावणाऱ्या जॉबला ही सवलत नसते. त्याची पहिलीच चूक भारी पडते.

मर्यादा किती ठेवायची, इथे सगळ्यांत जास्त गोंधळ आहे. ‘रोजचा डेटा आहे ना, मग २४ तास’ असे उत्तर आम्हाला इतक्या ठिकाणी मिळाले आहे की हा हिशेब एकदा इथेच मांडतो. हवामान खात्याच्या रीतीने पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आकडा साधारण दहापर्यंत उपलब्ध होतो. जॉब सव्वादहाला सुरू होऊन दहा-पंचवीसला संपतो, असे धरू. म्हणजे टेबलात पडतानाच आकड्याचे वय दोन तासांच्या आसपास असते आणि दुसऱ्या दिवशी नवा आकडा येण्याच्या क्षणापर्यंत ते सव्वीस तासांना टेकते. सगळे सुरळीत चालले असताना सव्वीस! मग २४ तासांची मर्यादा रोज सकाळी साडेआठ ते दहा-पंचवीस मोडलेलीच दिसणार आणि रोज अलर्ट येणार. आठवड्याभरात माणूस तो अलर्ट बंद करतो. पातूरच्या त्या कंपनीतही नेमके हेच झाले होते, असे पत्रात लिहिले आहे.

ही झाली खालची हद्द. वरची हद्द वापरणाऱ्याकडून येते. संदेश चारला जातो. फीड बिघडल्यावर फोन करून, दुसऱ्या स्रोतातून आकडा मिळवून, तो तपासून भरायला तीन तास तरी लागतात. म्हणजे एक वाजता कळायलाच हवे. एक वाजता कालच्या आकड्याचे वय साडेअठ्ठावीस तास असते. इन्सिडंटची मर्यादा इथे आली. मध्ये पावणेअकरा आणि सव्वाअकराचे पुनर्प्रयत्न ठेवा, साडेअकराला म्हणजे सत्तावीस तासांवर फक्त इशारा द्या. सव्वीस आणि साडेअठ्ठावीस यांच्या मधली जागा हीच तुमची सवड. ती जागाच उरत नसेल, म्हणजे संदेश अकरालाच जायचा असेल, तर मर्यादा कशीही ठेवली तरी उपयोग नाही. संदेशाची वेळ बदला किंवा स्रोत बदला. आणि चार वाजेपर्यंत आकडा आलाच नाही, तर संदेशात ‘आज आकडा मिळालेला नाही’ असे स्पष्ट लिहून पाठवा. शेतकरी आभाळ पाहून ठरवेल. कालच्या आकड्यावर ठरवण्यापेक्षा ते बरे.

आता मंडळांकडे येऊ. राज्यात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, ती याचसाठी की पातूरला ऊन असताना आलेगावकडे, डोंगराच्या बाजूला, पाऊस पडत असतो. असे असताना कित्येकांच्या डॅशबोर्डवर पूर्ण तालुक्याचे एकच वय दिसते आणि ते सर्वांत नव्या ओळीवरून काढलेले असते. चार मंडळांचे आकडे आले आणि पाचव्याचे तीन दिवस बंद आहेत, तरी दिवा हिरवाच. वय मंडळागणिक काढा आणि मंडळांची यादी वेगळ्या टेबलातून घ्या. नाहीतर ज्या मंडळाची एकही ओळ नाही ते उत्तरातूनच गळते.

```sql
SELECT c.circle_code, now() - max(r.obs_end) AS age
FROM circles c
LEFT JOIN rain_daily r
  ON r.circle_code = c.circle_code
 AND r.rain_mm IS NOT NULL
 AND r.obs_end <= now()
GROUP BY c.circle_code
HAVING max(r.obs_end) IS NULL
    OR now() - max(r.obs_end) > interval '28 hours 30 minutes';
```

यातल्या दोन अटी कुणी फालतू समजून काढू नयेत. रिकाम्या आकड्याची ओळ ही नोंद नव्हे, म्हणून पहिली. आकडा न आल्यावर तिथे ० भरणारे जॉब आजही चालू आहेत. असा जॉब फीड मेल्यावरही ताजाच दिसतो, आणि वर ‘पाऊस नाही’ अशी खोटी साक्ष देतो. दुसरी अट भविष्यातल्या वेळांसाठी. केंद्राचे घड्याळ बिघडून एखादी ओळ पुढच्या वर्षाची आली, तर ही अट नसताना त्या मंडळाचे वय वर्षभर उणे राहील आणि अलर्ट कधीच येणार नाही. भारतीय वेळ टाइमझोनशिवाय साठवून ती यूटीसी म्हणून वाचली तरी असाच घोटाळा होतो. साडेआठची नोंद दुपारी दोनची ठरते, वय साडेपाच तासांनी कमी दिसते आणि एकचा अलर्ट साडेसहाला येतो, संदेश जाऊन अडीच तास झाल्यावर. वरची दुसरी अट इथे फसवते. ती दोन वाजेपर्यंत नुकतीच आलेली ओळ लपवते, नंतर घेते. म्हणून अशा ओळी नुसत्या गाळू नका, त्या वेगळ्या मोजा. उणे वय दिसले की घड्याळाचा घोटाळा आहे असे समजावे.

पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाने अडकली, तर मात्र केंद्र वेळेवर ० पाठवत राहते. वयाच्या मर्यादेला ते दिसत नाही. त्यासाठी शेजारच्या मंडळांशी ताडून पाहणे हाच उपाय, आणि तो विषय स्वतंत्र आहे.

बाजारभावाच्या फीडचा प्रश्न आणखी निराळा. अकोल्याच्या बाजारातला तुरीचा शनिवारचा भाव रविवारी बाजार बंद असला तर सोमवारी दुपारपर्यंत योग्यच असतो. या सुट्टीचा अलर्ट नको म्हणून काहींनी सरसकट ७२ तासांची मर्यादा लावली आहे. तिचा परिणाम असा की सोमवारनंतर मंगळवारचा भाव आला नाही, तर ते गुरुवारी कळते. तोवर दोन दिवस जुन्या भावावर माल विकला गेलेला असतो. मर्यादा वाढवू नका, वय बाजाराच्या दिवसांत मोजा. सुट्ट्यांचा तक्ता टेबलात ठेवा आणि बाजार समितीकडून ‘आज लिलाव नाही’ ही ओळसुद्धा मागून घ्या. आवक शून्य आणि माहिती शून्य या दोन गोष्टी एकाच रिकाम्या जागेत राहता कामा नयेत.

हे सगळे तांत्रिक अंगाने अवघड नाही. अडते ते कार्यालयात. करारात वाक्य असते, ‘डेटा दररोज अद्ययावत ठेवावा.’ दररोज म्हणजे किती वाजता, कुठल्या वेळेपासून मोजून, याचा उल्लेख नाही. दंड असतो तो चुकलेल्या रनवर. मासिक अहवालाच्या नमुन्यात एकूण रन, यशस्वी रन आणि टक्केवारी असे तीन रकाने. दंड रनवर असला की पुरवठादार रन चुकू देत नाही. जुनी फाइल मिळाली तरी ‘यशस्वी’ लिहितो आणि अहवाल शंभर टक्के जातो. आमच्या परिचयातल्या एकाने वयाचा रकाना जोडून अहवाल दिला, तर तो ‘विहित नमुन्यात नाही’ या शेऱ्यासह परत आला. त्याने तो रकाना खोडून पुन्हा पाठवला आणि तो मंजूर झाला! ज्या आकड्यावर माणसांचे नुकसान ठरते, तोच ठेवायला जागा नाही, हे आम्हाला सहन होत नाही.

नुकसान हा शब्द उगाच वापरलेला नाही. मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरून पंचनाम्यांची मागणी उभी राहते. जिथे स्थानिक आपत्तीचे विमासंरक्षण लागू आहे, तिथे पूर्वसूचना ७२ तासांत द्यायची असते. मंडळाचा आकडा दोन दिवस शिळा राहिला, तर त्या ७२ तासांतले ४८ शेतकऱ्याला काही न कळताच निघून जातात. ‘रन शंभर टक्के’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने हे एकदा चान्नी किंवा सस्तीच्या शेतकऱ्यासमोर उभे राहून म्हणून दाखवावे.

आणि वाचकांनो, आपणही कमी नाही. गेल्या वर्षापासून आम्ही विचारतो आहोत, तरी बहुतेकांकडे आपल्या फीडची मर्यादा कुठेही लिहिलेली नाही. या महिन्यात एवढे करा. प्रत्येक फीडसाठी एक ओळ लिहा : निरीक्षणाचा कालावधी केव्हा संपतो, आकडा साधारण केव्हा येतो, तो कोण केव्हा वापरतो, इशारा किती तासांवर, इन्सिडंट किती तासांवर, आणि फोन कुणाला. पुरवठादाराशी नवा करार करत असाल तर ‘दररोज’ हा शब्द खोडा आणि ‘दुपारी एक वाजता कुठल्याही मंडळाचा आकडा साडेअठ्ठावीस तासांपेक्षा जुना नसावा’ असे वाक्य घाला, दंड त्यावर लावा. ज्यांचा अहवाल वयाच्या रकान्यामुळे परत आला असेल, त्यांनी तो शेऱ्यासकट आमच्याकडे पाठवावा. कार्यालयाचे आणि पाठवणाऱ्याचे नाव न छापता ते सगळे शेरे आम्ही पुढच्या अंकात एकत्र प्रसिद्ध करू आणि तो अंक नमुना ठरवणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचवू.