सुडीतलं सोयाबीन भिजलं, तर पीक विमा मिळायचा का? घोळ मराठी शब्दांचा

लोणार तालुक्यातल्या बीबी परिसरात खरिपात सोयाबीन मोठ्या प्रमाणावर घेतात. सोंगणी झाली की पीक काही दिवस शेतात वाळतं, मग त्याची सुडी लागते आणि मळणीयंत्र मिळेपर्यंत ती तशीच उभी असते. नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो.

पंतप्रधान पीक विमा योजनेच्या मूळ इंग्रजी नियमांत यासाठी तरतूद आहे. मराठी पत्रकांत ती अनेकदा 'काढणीपश्चात नुकसान' एवढ्या दोनच शब्दांत येते. ते वाचून कुणालाही वाटेल की मळणीपर्यंत सगळंच पीक विम्यात आहे. तसं नाही.

मूळ तरतूद सोप्या मराठीत अशी होईल: 'पीक कापून वाळण्यासाठी शेतात पसरवलेलं किंवा छोट्या पेंढ्या बांधून ठेवलेलं असेल, तर कापणीपासून जास्तीत जास्त १४ दिवस, गारपीट, चक्रीवादळ, चक्रीवादळामुळे आलेला पाऊस किंवा अवकाळी पाऊस यांनी झालेलं नुकसान.' मळणीसाठी रचलेली सुडी यात बसत नाही. २०१६ च्या नियमांत तर तिला नाव घेऊन वगळलं होतं. सोपं करण्याच्या नादात 'अवकाळी' गाळून नुसतं 'पाऊस' लिहिलं, तर कंपनीनं न दिलेलं संरक्षण अनुवादकच देऊन बसतो. उलट 'छोट्या पेंढ्या' गाळल्या, तर शेतकऱ्याचा हक्काचा दावा जातो.

दुसरी अडचण ७२ तासांची. याचं 'तीन दिवसांत' केलं की शेतकरी रविवार सोडून मोजतो. समजा, खरीप २०२४ मध्ये ५ तारखेला सोयाबीन सोंगून पसरवलं आणि १२ तारखेला, शनिवारी संध्याकाळी ६ वाजता अवकाळी पावसानं ते भिजलं. सातवा दिवस, म्हणजे १४ दिवसांची अट पूर्ण. पण सूचना मंगळवारी संध्याकाळी ६ च्या आत पोहोचायला हवी. बँक रविवारी बंद होती, हे कारण नाही. १४४४७ वर फोन किंवा ॲप चालतं. आणि 'सूचना दिली' म्हणजे 'दावा मंजूर' नव्हे, त्यानंतर पाहणी होते. मराठी मजकुरात हे वेगळं वाक्य म्हणून यायलाच हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. महाराष्ट्रानं खरीप २०२५पासून ही तरतूदच योजनेतून काढली. भरपाई आता मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. मंडळाचं उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आणि प्रत्यक्षात ८ निघालं, तर विमा रकमेच्या २० टक्के भरपाई. एकाच शेतातलं सोयाबीन भिजलं आणि मंडळाची सरासरी टिकली, तर काहीच नाही.

जुनी मराठी पत्रकं मात्र व्हॉट्सॲपवर फिरतच आहेत. तुमच्या ग्रुपवर असं पत्रक आलं, तर त्यावर हंगाम आणि वर्ष लिहिलंय का, ते आधी बघा.