विमानातील ताट आणि चोवीस तासांची मुदत

परदेशी असलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेल्या वृद्ध दांपत्याच्या तयारीत पारपत्र, औषधे आणि लोणच्याची बरणी यांची काळजी सर्वजण घेतात. विमानात काय जेवायचे हा प्रश्न मात्र बहुधा विमानात बसल्यावरच आठवतो. तेव्हा उशीर झालेला असतो. बहुतेक मोठ्या विमान कंपन्या विशेष जेवणाची नोंद उड्डाणाच्या किमान चोवीस तास आधी मागतात आणि काही प्रकारांसाठी याहूनही अधिक वेळ लागतो. हे जेवण विमानात शिजत नाही. ते विमानतळाजवळच्या स्वयंपाकघरात आधीच तयार होऊन, नग मोजून चढवले जाते. त्यामुळे ऐन वेळी कितीही विनंती केली तरी कर्मचाऱ्यांना जास्तीचे ताट निर्माण करता येत नाही.

धारूर तालुक्यातील तेलगावचे उदाहरण घेऊ. समजा, आजी-आजोबांचे विमान मुंबईहून गुरुवारी पहाटे २.३० वाजता सुटते. मोटारीने मुंबई गाठायला जवळजवळ सबंध दिवस लागतो, म्हणून ते बुधवारी सकाळी घर सोडतात. परंतु चोवीस तासांची मुदत बुधवारी पहाटे २.३० लाच संपलेली असते! तेलगावच्या चौफुलीवरून गाडी वळते तेव्हा नोंद करणे अशक्य झालेले असते. म्हणून मंगळवारची संध्याकाळ हीच शेवटची वेळ समजावी. खरे तर तिकीट काढतानाच हे काम उरकणे उत्तम.

नोंद करताना नावाची फसगत होते आणि तिचा फटका आपल्याच लोकांना बसतो. यादीत ‘हिंदू जेवण’ असा पर्याय दिसतो व त्यापुढे `HNML` हे संकेताक्षर असते. हे शाकाहारी नव्हे. यात गोमांस व डुकराचे मांस नसते. कोंबडी, बोकड किंवा मासे मात्र असू शकतात. जन्मभर माळ घातलेल्या आजींपुढे असे ताट यावे, याहून क्लेशकारक काय? आपल्याला हवे असते ते `AVML`, म्हणजे भारतीय धाटणीचे शाकाहारी जेवण. `VGML` मध्ये दूध-दहीही नसते, तर `VLML` मध्ये अंडे असू शकते. जैन जेवणासाठी `VJML` आहे. त्यात कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असतात.

आता आजींना मधुमेह आहे असे धरू. मधुमेहींसाठी `DBML` असते, पण त्यात मांसाहार असू शकतो. आणि एका प्रवाशाला एका उड्डाणासाठी सहसा एकच संकेत घेता येतो. शाकाहारही हवा आणि पथ्यही, अशी दुहेरी नोंद होत नाही. तेव्हा `AVML` घ्यावे, त्यातला गोड पदार्थ बाजूला ठेवावा आणि भात आवरता घ्यावा. जेवणापूर्वीचे इन्सुलिन घेणाऱ्यांनी ताट प्रत्यक्ष समोर येईपर्यंत सुई टोचू नये. हवामान खराब झाले की वाढप थांबते आणि तेवढ्यात साखर उतरू शकते. प्रवासातील मात्रा व वेळा डॉक्टरांकडून आधी लिहून घ्याव्यात.

त्याच गुरुवारी एकादशी असली तर? उपवासाच्या जेवणासाठी सर्वमान्य असा संकेत नाही. सर्वांत जवळचे म्हणजे `FPML`, केवळ फळांचे ताट. आजोबांना ते चालेल. आजींनी नुसत्या फळांवर राहणे योग्य नाही. त्यांच्यासाठी उपवासाच्या भाजणीचे थालीपीठ आणि भाजलेले शेंगदाणे हातातल्या पिशवीत द्यावेत. साखर उतरल्यास उपयोगी पडेल अशी ग्लुकोजची पूडही जवळ असावी. दही किंवा ताक सुरक्षा तपासणीत अडते, कारण शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्यातील पातळ पदार्थ नेऊ देत नाहीत. उरलेली फळे उतरण्यापूर्वीच संपवावीत. अनेक देशांत ती आत नेण्यास मनाई आहे.

नोंद झाली याची खात्री कशी करावी? तिकिटाच्या संकेतस्थळावर आपल्या आरक्षणाचे पान उघडून प्रत्येक प्रवाशापुढे आणि प्रत्येक टप्प्यापुढे संकेताक्षर आहे का, ते पाहावे. वाटेत विमान बदलायचे असेल आणि दुसरा टप्पा वेगळ्या कंपनीचा असेल, तर पहिल्या कंपनीकडची नोंद तिथे पोहोचतेच असे नाही; त्या कंपनीला स्वतंत्रपणे विचारावे. उड्डाणाची वेळ किंवा तारीख बदलल्यास जुनी नोंद गळून पडू शकते. परतीचा प्रवास तर हटकून विसरला जातो.

विमानात विशेष ताटे सहसा इतरांच्या आधी, आसनक्रमांक पाहून वाटतात. खिडकीसाठी कोणाशी जागा बदलली असेल, तर कर्मचाऱ्यांना लगेच सांगावे, नाहीतर आजींचे ताट शेजारच्या रांगेत जाईल. ताटावर चिकटवलेली चिठ्ठी वाचून मगच झाकण उघडावे. इंग्रजी वाचता येत नसल्यास मुलांनी ती चार अक्षरे मोठ्या ठळक अक्षरांत कागदावर लिहून द्यावीत. आजींनी तो कागद चिठ्ठीशेजारी धरून अक्षरे जुळवावीत.