दुकान वाढलं की नुसते भाव वाढले?

परवा शनिवारी मामाकडे गेलो होतो. मामाचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे, चांगलं चालतं. जेवणं झाल्यावर मामेभावाने एक फाईल माझ्यासमोर टाकली. शेजारचा गाळा घ्यायचा आहे, दहा लाखांचं कर्ज काढायचं आहे आणि त्यासाठी कोणा एका सल्लागाराकडून प्रोजेक्ट रिपोर्ट करून आणला आहे. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: "पाच वर्षांत विक्रीत 43 टक्के वाढ, म्हणजे दरवर्षी 8.6 टक्के". आणि पुढच्या पाच वर्षांचा नफाही त्याच 8.6 टक्क्यांनी वाढवत नेलेला.

"बघ, आहे की नाही धंदा?" मामेभाऊ म्हणाला.

आता आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. आकडे दिसले की हात शिवशिवतात. मामाच्या वह्या मागितल्या. मामाने सहा वर्षांच्या काढून दिल्या, वर "अरे, इन्कम टॅक्सवाल्यांनीसुद्धा इतक्या मागितल्या नव्हत्या" असा शेरा. असो.

2018-19 मध्ये विक्री 84 लाख, निव्वळ नफा 6.30 लाख. 2023-24 मध्ये विक्री 120 लाख, नफा 7.80 लाख. (दोन्ही वर्षं जीएसटीनंतरची आहेत आणि दोन्हीकडे विक्री कर वगळून लिहिली आहे, हे आधी तपासलं. एका टोकाला करासकट आणि दुसऱ्या टोकाला कराशिवाय आकडा असेल, तर पुढचं सगळं गणित पाण्यात.)

पहिली चूक अगदी शाळकरी. 43 ला पाचाने भागून 8.6 येतात खरे, पण दरवर्षीची वाढ आधीच्या वाढीवरही चढते, चक्रवाढ व्याजासारखी. म्हणून भागायचं नाही, पाचवं मूळ काढायचं. एक्सेलमध्ये दुसऱ्या ते सातव्या ओळीत सहा वर्षांची विक्री असेल, तर:

```
=(B7/B2)^(1/5)-1
```

उत्तर 7.4 टक्के. इथे अजून एक खड्डा आहे. वह्या सहा, पण त्यांच्यामधली वर्षं पाचच. खांब सहा असले तरी कुंपणाचे तुकडे पाच होतात ना, तसंच. 1/6 टाकलं तर उत्तर सहावर येतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

पण माझं खरं भांडण पुढे आहे. या 7.4 मध्ये दुकानाचं कर्तृत्व किती आणि महागाईचं किती?

सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांक (2012 = 100 धरलेली मालिका) 2018-19 मध्ये सरासरी 139.6 होता, 2023-24 मध्ये 184.1. म्हणजे पाच वर्षांत भाव सुमारे 32 टक्के चढले, चक्रवाढीने वर्षाला 5.7. आता C रकान्यात निर्देशांक टाका:

```
=((B7/B2)/(C7/C2))^(1/5)-1
```

खरी वाढ 1.6 टक्के. 7.4 मधून 5.7 वजा केले तर 1.7 येतात, फार फरक नाही. पण महागाई जास्त असेल तेव्हा हा फरक वाढतो, म्हणून वजाबाकी न करता भागाकार करायची सवय बरी.

आता हाच चष्मा नफ्याला लावा. 6.30 चे 7.80 लाख, म्हणजे वर्षाला 4.4 टक्के वाढ. महागाई 5.7. म्हणजे आजचे 7.80 लाख 2018-19 च्या रुपयांत मोजले तर जेमतेम 5.91 लाख भरतात! पाच वर्षं जास्त राबून मामाच्या घरात आधीपेक्षा कमी येतंय. कारणही वहीतच आहे. तेव्हा शंभर रुपयांच्या विक्रीमागे साडेसात रुपये उरत होते, आता साडेसहा. भाडं आणि दोन पोरांचे पगार विक्रीपेक्षा जोरात पळाले. रिपोर्टवाल्याने मात्र विक्रीची (तीही चुकीची) वाढ उचलून थेट नफ्याला चिकटवली.

"पण महागाईचा तो आकडा आख्ख्या देशाचा, आपल्या दुकानाचा कुठे?" मामेभावाने बरोबर पकडलं. त्या निर्देशांकात घरभाडं, कपडे, दवाखाना सगळं येतं आणि मामा ते काही विकत नाही. नुसत्या खाद्यपदार्थांचे भाव याच काळात जवळजवळ 37 टक्के वाढले. ते धरले तर विक्रीची खरी वाढ वर्षाला एक टक्काही उरत नाही. पण त्यातही भाजीपाला आहे. 2023 च्या जुलैत टोमॅटो भडकला, त्याच्याशी किराण्याच्या दुकानाचा काय संबंध?

म्हणून माझं मत असं: नफ्याला सर्वसाधारण निर्देशांकच लावावा, कारण त्या पैशांतून घर चालतं आणि घराला भाडं, कपडे, दवाखाना सगळं लागतं. विक्रीसाठी मात्र सरळ नग मोजावेत. खरेदीची बिलं काढून आम्ही दोन वर्षांचे तेलाचे 15 किलोचे डबे आणि साखरेची 50 किलोची पोती मोजली. डबे 610 होते, 598 झाले. पोती 142 होती, 139 झाली. तेल 2021 मध्ये भडकलं आणि 2023 मध्ये उतरलं, त्यामुळे रुपये नाचले, पण डबे जागच्या जागी. थोडीफार वाढ आहे ती बिस्किटं-शाम्पूच्या पाकिटांत.

मामा इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं रे. गिऱ्हाईक तेवढंच आहे, गल्ला तेवढा जड झालाय."

यावर नेहमीचा युक्तिवाद येतो की कर्जाचा हप्ता तर साध्या रुपयांत भरायचा असतो, मग महागाई कशाला काढायची? मान्य. हप्ता महागाईबरोबर वाढत नाही, हे कर्जदाराच्या फायद्याचंच आहे. पण मग नफाही साध्या रुपयांतलाच खरा धरा: 4.4 टक्के, 8.6 नव्हे. दहा लाख, 11 टक्के, पाच वर्षं, म्हणजे महिना सुमारे 21,700 चा हप्ता, वर्षाला 2.61 लाख. नफ्याची नेहमीची वाढ वर्षाला 34 हजार. उरलेले सव्वादोन लाख नव्या गाळ्याने पहिल्याच वर्षी, आणि तेही नव्या गिऱ्हाइकांतून, काढून द्यायला हवेत. ते गिऱ्हाईक कुठून येणार, यावर त्या चकचकीत रिपोर्टात एक ओळ नाही.

एक कबुली द्यायला हवी. हे सूत्र फक्त दोन टोकं बघतं. पहिलं वर्ष पडेल असेल किंवा शेवटचं लॉटरीचं, तर उत्तर फसवं येतं. म्हणून मधली चार वर्षंही पाहिली: 88, 97, 104, 113. कुठे उडी नाही, कुठे खड्डा नाही, त्यामुळे इथे टोकांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

गाळा घेऊच नये असं मी म्हटलेलं नाही. घ्यायचा तर नवीन काय विकणार आणि कोणाला, ते आधी लिहून काढा, एवढंच म्हणालो. मामेभाऊ दोन दिवस फुगून बसला होता. काल रात्री त्याचा फोन आला: "दादा, डाळींची पोती पण मोजली. तीही तेवढीच आहेत."