उकळतच राहणारी किटली

किटली बंद होईना की नागपुरात पहिलं बोट बोअरच्या जड पाण्याकडे जातं. पण वाफेबरोबर क्षार वर जात नाहीत. त्यांचा पांढरा थर बसतो तो तळाला. किटली बंद करण्याचं काम वाफेचं असतं. पाणी खळखळलं की झाकणाजवळच्या भोकातून वाफ नळीवाटे स्विचपाशी जाते, तिथली दोन धातूंची चकती तापून टकदिशी उलटी वाकते आणि खटका पडतो. हॉस्टेलच्या खोलीत त्याच किटलीत दूध, चहा, मॅगी सगळं शिजतं. साय नि फेस त्या भोकात जाऊन वाळतात आणि वाफेची वाट बुजते. झाकण नीट लागलं नसेल तरी वाफ बाहेरच निघून जाते, म्हणून आधी ते बघा. मग प्लग काढून, किटली गार झाल्यावर, भोक ओल्या कापसाच्या काडीनं साफ करा आणि अर्धी किटली पाणी उकळून पाहा. वाट मोकळी असूनही खटका पडत नसेल, तर चकती थकली आहे किंवा स्विच अडकतोय. खटका हातानं बंद करूनही पाणी उकळतच राहिलं, तर आतले संपर्क चिकटलेत. तेव्हा सरळ भिंतीवरचं बटण बंद करा. कोरड्या किटलीसाठी तळाशी वेगळी चकती असते खरी, पण ती पाणी संपल्यावरच जागी होते. रोज तिच्या भरवशावर किटली चालवणं म्हणजे, आमच्याकडे म्हणतात तसं, निव्वळ येडेपणा.