चौथा मजलाही उंचच असतो

‘आपल्या बुलढाण्यात कुठे आलेत टॉवर?’ हे वाक्य यंदा वर्षभर कानाशी भुणभुणत राहिलं. सोसायटीच्या बैठकीत आगीचा विषय काढला की कोणीतरी ते फेकतं, बाकीचे हसतात आणि चर्चा पुन्हा पाण्याच्या टाकीवर येते.

वर्ष तसं गडबडीचं गेलं. जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस गळू लागले आणि जिल्हा देशभर गाजला. पावसानं सोयाबीन झोडपलं. नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. आमचे वाचक हे सगळं जाणतात, म्हणून त्याची उजळणी करत नाही. हे संपादकीय जिन्याविषयी आहे.

बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, कुठेही बघा. खाली पार्किंग, वर चार मजले, मध्ये एक लिफ्ट आणि तिला वळसा घालून जाणारा एकच जिना. राष्ट्रीय इमारत संहिता 15 मीटर आणि त्यावरच्या इमारतीला ‘उंच’ म्हणते, आणि तिथून नियम कडक होतात. आपल्या इमारती त्या रेषेच्या जरा अलीकडेच थांबतात. म्हणजे कागदावर त्या उंच नाहीत. आता शिडीचा हिशेब करू. अग्निशमन दलात सर्रास वापरली जाणारी सरकती शिडी पूर्ण उघडली तर 10.5 मीटरची होते, आणि तिरकी टेकवल्यावर जेमतेम 10 मीटरपर्यंत पोहोचते. पार्किंग आणि प्रत्येक मजला तीन मीटरपेक्षा जरासा कमी धरला, तरी चौथ्या मजल्याची फरशी जवळपास 12 मीटरवर आणि खिडकीचा कठडा जवळपास 13 मीटरवर येतो. तुमच्या खिडकीपर्यंत शिडी पोहोचत नसेल, तर तुम्ही उंचावरच राहता.

6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे मुंबईत गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग लागली, ती खालच्या पार्किंगमध्ये. तिथे दुचाकी होत्या, जुन्या कपड्यांचे ढीग होते. लोक वर झोपलेले होते. किमान सात जण गेले. ती इमारतही काही गगनचुंबी नव्हती. आपल्याकडे जिन्याच्या तोंडाशी काय असतं? विजेच्या मीटरची पेटी, दुचाकींची रांग आणि हल्ली चार्जिंगला लावलेली एखादी ई-स्कूटर. तिथे पेटलं की तोच एकमेव जिना घराच्या धुराड्यासारखं काम करतो. म्हणून ‘आग लागली की पळायचं’ ही योजना नव्हे. एकच जिना असलेल्या घराच्या योजनेला दोन भाग हवेत: केव्हा निघायचं, आणि केव्हा निघायचं नाही.

चौथ्या मजल्यावरचं एक घर डोळ्यांसमोर आणा. नवरा-बायको, दोन मुलं, आणि गुडघे दुखणारी आजी. पहिला प्रश्न असा की आग कुठे आहे? घरातच असेल, तर चर्चा नको. आजीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं, मुलांनी पुढे चालायचं, आणि शेवटी निघणाऱ्यानं मुख्य दार ओढून घ्यायचं. लिफ्टकडे बघायचंही नाही. दार ओढायला का सांगतो? न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये 9 जानेवारी 2022 रोजी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात हीटरमुळे आग लागली. घरातले बाहेर पडले, पण आपोआप मिटायला हवं होतं ते दार उघडंच राहिलं. 19 मजली इमारतीचे जिने धुरानं भरले आणि 17 जण दगावले. ज्वाळा त्यातल्या बहुतेकांपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. आपण मोकळ्या टाकलेल्या दाराची किंमत वरचे शेजारी मोजतात.

आग बाहेर कुठे असेल, तर आधी दाराला हाताच्या मागच्या बाजूनं स्पर्श करायचा, वरच्या भागाला आणि कडीला. गरम लागलं तर दार उघडायचं नाही. गार असेल तर पायानं अडवून बोटभर फट करायची. खालच्या वळणाची भिंत स्वच्छ दिसते आहे? मग लगेच खाली. धुरानं ती दिसत नसेल, तर दार बंद. ‘पटकन उतरू’ हा मोह इथेच जीव घेतो, कारण धूर वर चढतो आणि आपण त्याच्यातच उतरत असतो. 2018 साली मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवरच्या आगीत एका दहा वर्षांच्या मुलीनं शेजाऱ्यांना ओल्या फडक्यातून श्वास घ्यायला सांगितलं, आणि पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. तिची समज मोठीच. पण ओलं फडकं काजळी अडवतं, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. त्याच्या भरवशावर काळ्या धुरात चार मजले उतरता येत नाहीत.

थांबायचं ठरलं तर खोली आधीच नेमलेली हवी. रस्त्याकडे खिडकी असलेली, जिन्यापासून लांबची, स्वयंपाकघर नको. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. संडास-बाथरूमची दारं बंद, कारण डक्टमधून धूर तिथेच आधी डोकावतो. मधलं प्रत्येक दार लावून घ्यायचं, खालच्या फटीत ओली चादर ठासायची. मग 101 किंवा 112 ला फोन, आणि मजला व फ्लॅट नंबर आधी सांगायचा. नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असावा. खिडकीतून टॉर्च किंवा भडक ओढणी हलवत राहायचं. बाहेरूनच धूर येत असेल तर खिडकी लावायची.

या थांबण्यालाही मर्यादा आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरलाही एकच जिना होता. तिथे रहिवाशांना घरातच थांबायला सांगितलं, आणि इमारतीचं बाहेरचं आवरणच पेटत वर गेलं. 2017 च्या त्या रात्री 72 माणसं गेली. म्हणून खोलीत धूर शिरू लागला किंवा खालच्या खिडकीतून ज्वाळा वर येऊ लागल्या, तर फोनवर तसं सांगून खोली बदलायची आणि जिना पुन्हा तपासायचा. गच्ची हा शेवटचा पर्याय. तो फक्त वरच्या मजल्यावाल्यांना, आणि जिन्याचा तेवढा टप्पा स्वच्छ असेल तरच. कुलूपबंद गच्चीच्या दाराशी सगळा धूर साचलेला असतो.

आता आमचा खरा राग. हे सगळं ज्या गोष्टींमुळे फसतं त्या आपणच करून ठेवल्या आहेत. बाहेरच्या लोखंडी दाराला रात्री कुलूप आणि किल्ली कपाटात. ती दाराजवळच्या खिळ्याला हवी, लहान मुलाचा हात पोहोचेल अशी. खिडकीच्या जाळीला उघडणारी झडप नाही. आणि जिन्यात चपलांचा रॅक, सायकल, जुना कूलर. फ्लॅट घेताना ज्यांनी इंच-इंच मोजला, तेच लोक सार्वजनिक जिना फुकटची अडगळीची खोली समजतात.

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असं कोणी म्हणेल. पण याच आठवड्यात जिन्याच्या पायरीपायरीवर पणत्या लागतात, कठड्याला प्लास्टिकच्या माळा लटकतात आणि फटाक्यांचं खोकं मीटरपेटीखाली ठेवलं जातं. भाऊबीजेला घर भरलेलं असेल तेव्हाच एकदा सगळ्यांनी जिना उतरून बघा. आजीची खुर्ची प्रत्यक्ष उचला. समोरच्या रस्त्यापलीकडे जमायची जागा ठरवा आणि पाहुण्यांनाही ती दाखवा. आजीला घेऊन एक मजला उतरतानाच दम लागला, तर तुमच्या घरासाठी थांबायची खोली अधिक महत्त्वाची आहे, हे त्याच दिवशी कळेल.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीत रंगकामाआधी तीन ठराव मांडा: जिना रिकामा, चार्जिंग जिन्यापासून लांब, आणि गच्चीला कुलपाऐवजी आतून कडी. टॉवरचा विनोद करणाऱ्याला सूचक म्हणून सही करायला लावा.